चोरीचं कलम: आद्याक्षरं की घराचा नकाशा?

भारतीय न्याय संहितेत चोरीचे घटक पाच. परीक्षेसाठी लक्षात ठेवायला त्यांच्या आद्याक्षरांचं 'हे ताजं सह' म्हटलं की झालं: हेतू अप्रामाणिक, ताब्यातून, जंगम मालमत्ता, संमतीशिवाय, हलवणे. पण संमती कोणाची, हे अक्षरं सांगत नाहीत. ती ताबेदाराची, म्हणून गहाण ठेवलेलं स्वतःचं घड्याळ गुपचूप उचलणाराही चोर ठरतो. इथेच गुण जातात.

कलमांची ओळ लक्षात ठेवायला मात्र घरच बरं: ओळखीचं घर मनात आणून जागोजागी एकेक कलम ठेवत जायचं. दारात ३०३ चोरी, चपलांपाशी ३०४ हिसकावणं, हॉलमध्ये ३०५ घरातली चोरी, स्वयंपाकघरात ३०६ नोकराने केलेली. अडचण एकच: थेट '३०६ काय?' विचारलं की दारापासून चालावं लागतं. म्हणून आकडा त्या जागीच रंगवा, फ्रिजवर ठळक ३०६. घटकांसाठी असं घर बांधणं मला तरी उगाच खटाटोप वाटतो.