टायर आणि बॅटरी: जुना माल आधी कसा काढायचा?

सुट्या भागांच्या दुकानात ब्रेक पॅड वर्षभर पडून राहिला तरी कुणी विचारत नाही. टायर आणि बॅटरी यांचं तसं नाही, कारण दोन्हींवर जन्मतारीख छापलेली असते. ‘आधी आलं ते आधी विका’ हा नियम सगळ्यांना माहीत आहे, पण या दोन वस्तूंना तो जसाच्या तसा लावला की नुकसान होतं, आणि दोघांचं होणारं नुकसानही वेगवेगळं आहे. नवीन एजन्सी घेत असाल किंवा चालू गोडाऊनची घडी नीट बसवायची असेल, तर माल फिरवण्याची कोणती पद्धत घ्यायची हे ठरवताना आधी हा फरक बघावा.

टायरवर डॉटच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ४७२४ म्हणजे २०२४ सालचा ४७ वा आठवडा, साधारण नोव्हेंबरचा तिसरा आठवडा. हा पूर्ण कोड पुष्कळ टायरांवर एकाच बाजूला असतो. रॅकवर लावताना ती बाजू भिंतीकडे गेली, तर महिन्याभराने कोड वाचायला प्रत्येक टायर ओढून काढावा लागतो. म्हणून माल उतरवतानाच कोडची बाजू बाहेर ठेवायची. बॅटरीवर सगळ्या कंपन्यांचा एकच कोड नाही. कुणी महिन्यासाठी अक्षर वापरतं, कुणी आकडा, कुणाचा कोड झाकणावर ठोकलेला असतो, तर कुणाचा वॉरंटीच्या सीरियल नंबरातच दडलेला असतो. तुम्ही ज्या दोन-तीन कंपन्यांचा माल ठेवता, त्यांच्या कोडची फोड त्यांच्या सेल्समनकडून लिहून घ्या आणि चार्जिंगच्या जागेजवळ भिंतीवर लावा.

आता वयाने काय बिघडतं ते पाहू. सावलीत, ऑइल-ग्रीसपासून दूर, उभा ठेवलेला टायर एका वर्षात वापरायला अयोग्य होत नाही. रबर कडक होतं ते हवेतल्या ऑक्सिजनने आणि ओझोनने, पण सावकाश. टायर दहा वर्षांनंतर वापरू नका, असं मोठ्या कंपन्या सांगतात, ते उत्पादनाच्या तारखेपासून मोजून. उन्हात ठेवलेला किंवा वेल्डिंग मशीन आणि विजेच्या मोटारीशेजारी पडलेला टायर मात्र लवकर म्हातारा होतो, कारण तिथे ओझोन तयार होतो. बाजूच्या भिंतीवर केसासारख्या बारीक भेगा दिसल्या तर ते याचंच लक्षण. चांगल्या ठेवलेल्या टायरचं वय खरी अडचण करतं ती काउंटरवर. गिऱ्हाईक मोबाइलचा टॉर्च मारून कोड वाचतं आणि म्हणतं, “भाऊ, हा मागच्या सालचा आहे, भाव कमी करा.” डिसेंबरचा टायर जानेवारीत विकला तरी तो ‘मागच्या सालचा’ होतो.

बॅटरीचं उलट आहे. गिऱ्हाईक तिचा कोड क्वचितच वाचतं, पण बॅटरी गोडाऊनमध्ये पडल्यापडल्या स्वतःच उतरत राहते. तापमान दहा अंशांनी वाढलं की हा उतार साधारण दुप्पट होतो. विदर्भातल्या एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली ठेवलेली बॅटरी आणि डिसेंबरमध्ये नाशिकच्या पक्क्या गोडाऊनमधली बॅटरी यांचे तीन महिने म्हणूनच सारखे नसतात. उतरलेल्या अवस्थेत ती बरेच दिवस राहिली तर प्लेटांवर लेड सल्फेटचे खडे घट्ट बसतात आणि मग कितीही चार्ज केलं तरी क्षमता पूर्ण परत येत नाही. सल्फेट धरलेली बॅटरी गाडीला लावली की काही आठवड्यांत गिऱ्हाईक दारात उभं राहतं. वॉरंटी विक्रीच्या तारखेपासून धरली जात असेल तर ते तक्रारही करू शकतं, आणि कंपनीशी वाद घालायची वेळ तुमच्यावर येते.

पद्धतींकडे वळू. पहिली म्हणजे आवकेचा क्रम: नवा माल मागे, जुना पुढे. तिला ना खडू लागतो ना कॉम्प्युटर, आणि नवा मुलगाही एका दिवसात शिकतो. एकच डेपो, दर आठवड्याला थोडा-थोडा माल, असं असेल तर ती चालून जाते. पण डेपोत मालाचा क्रम तुमच्या हातात नसतो, आणि कमी खपाच्या मापांत नंतर आलेला माल आधीच्या मालापेक्षा जुना निघणं नेहमीचं आहे.

उदाहरण घ्या. १४५/८० आर १२ या मापाचे बारा टायर मार्च २०२५ मध्ये आले, कोड ०६२५. मेच्या मध्यापर्यंत त्यातले सहा उरले. तेव्हा आणखी आठ टायर आले, कोड ४७२४. महिन्याला चार टायर खपतात. आवकेच्या क्रमाने ०६२५ चे सहा जूनअखेर जातील आणि ४७२४ चे आठ जुलै-ऑगस्टभर रॅकवर राहतील. शेवटचा टायर विकताना तो नऊ महिन्यांहून जुना असेल आणि पूर्ण ऑगस्टमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाला २०२४ चा टायर दाखवावा लागेल. कोडनुसार विकलं तर ४७२४ चे आठ जुलैच्या मध्यापर्यंत संपतात, तेव्हा ते आठ महिन्यांचेही नसतात. मग उरलेले ०६२५ चे सहा ऑगस्टअखेर जातात, तेही सात महिन्यांच्या आतले. माल तोच, खप तोच, फक्त हात कोणत्या टायरवर आधी पडतो एवढाच फरक.

दुसरी पद्धत खडूची. टायर उतरवताच ट्रेडवर टायर मार्किंगच्या पिवळ्या खडूने कोड मोठ्या अक्षरात लिहायचा, पण उलटा करून: साल आधी, आठवडा नंतर. ४७२४ ऐवजी २४४७, ०६२५ ऐवजी २५०६. लहान आकडा म्हणजे जुना टायर, म्हणून तो आधी काढायचा. कामगाराला आठवडे मोजावे लागत नाहीत, फक्त लहान आकडा ओळखावा लागतो. काही दुकानं तिमाहीप्रमाणे रंगीत स्टिकर लावतात, पण नव्या रबरावर स्टिकर फार टिकत नाहीत आणि दोन महिन्यांत निम्मे खाली पडलेले दिसतात. खडू पुसट झाला तर पुन्हा लिहिता येतो. माझ्या मते एका छपराखालच्या, काही डझन मापांच्या दुकानाला हीच पद्धत सगळ्यात भरवशाची आहे.

मात्र यात एक मेख आहे. चार टायर एकदम घेणारं गिऱ्हाईक चारही एकाच कोडचे मागतं, आणि ते योग्यही आहे. २४४७ चे तीन उरलेत आणि २५०६ चे सहा आहेत. अशा वेळी जुन्या तिघांत एक नवा घालून चौकडी करू नका. चौघांच्या गिऱ्हाइकाला २५०६ चे चार द्या आणि जुने तीन एक-दोन टायर बदलायला येणाऱ्यांसाठी किंवा स्टेपनीसाठी राखा. कोड सांगून द्या आणि बिलावर लिहा, म्हणजे नंतर वाद राहत नाही.

तिसरी पद्धत कॉम्प्युटरची. टॅलीत त्या मालासाठी बॅच सुरू करून उत्पादनाची तारीख नोंदवता येते, आणि कोणत्या मापात किती जुना माल आहे हे मालकाला घरबसल्या दिसतं. दोन शाखा असतील किंवा माल शेकड्याने असेल तर याला पर्याय नाही, कारण एका शाखेत जुना पडलेला टायर दुसऱ्या शाखेत आजच विकला जाऊ शकतो. मात्र बिल एका बॅचचं फाडलं आणि पोऱ्याने हाताला आलेला टायर दिला, तर महिन्याभरात कॉम्प्युटर आणि रॅक यांचा मेळ राहत नाही. म्हणून कॉम्प्युटर घेतला तरी खडू सोडू नये.

एक्सेलमध्ये यादी ठेवत असाल तर छापील कोड तसाच भरून क्रम लावू नका. ०१२५, ०६२५, ४७२४ अशी यादी येते आणि सगळ्यात जुना टायर तळाला जातो. शिवाय एक्सेल सुरुवातीचं शून्य खाऊन टाकतं. कोड A2 मध्ये असेल तर शेजारच्या रकान्यात हे टाका:

```
=RIGHT(TEXT(A2,"0000"),2)&LEFT(TEXT(A2,"0000"),2)
```

आता तेच टायर २४४७, २५०१, २५०६ असे बरोबर लागतात.

बॅटरीला या तिन्हींपैकी कोणतीही पद्धत एकटी पुरत नाही, कारण कोड वय सांगतो, चार्ज सांगत नाही. ऑक्टोबरमध्ये ३५ अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या समोर आहेत असं समजा. एक मार्चची, मागच्याच पंधरवड्यात चार्ज केलेली, मीटरवर १२.७० व्होल्ट. दुसरी जूनची, आल्यापासून हात न लावलेली, १२.३८ व्होल्ट. आज विकायची ती मार्चची, आणि तेवढ्यात जूनची चार्जिंगला लावायची. १२.४ व्होल्टच्या खाली गेलेली बॅटरी साधारण पाऊण किंवा त्याहून कमी भरलेली असते, म्हणून तिथे थांबून चार्ज करायचं. करंट क्षमतेच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे इथे साडेतीन अँपिअर, पुरे. चार्जर काढल्याबरोबर मीटर लावू नका, तेव्हा आकडा खोटा चढलेला असतो. रात्रभर ठेवून सकाळी मोजा. आकडा समाधानकारक दिसूनही शंका असेल तर लोड टेस्टर लावा: कोल्ड क्रँकिंगच्या निम्म्या करंटवर १५ सेकंदांत व्होल्टेज ९.६ च्या खाली गेलं तर ती बॅटरी गिऱ्हाइकाला देऊ नका.

यासाठी प्रत्येक बॅटरीवर पुठ्ठ्याची छोटी चिठ्ठी दोऱ्याने बांधायची: उत्पादनाचा महिना, शेवटच्या चार्जची तारीख, त्या दिवशीचं व्होल्टेज. उन्हाळ्यात महिन्यातून एकदा आणि थंडीत दोन महिन्यांतून एकदा सगळ्यांवर मीटर फिरवला की चिठ्ठीच सांगते कोणती चार्जिंगला जायची. व्होल्टेज सारखं असलेल्यांमध्ये जुना कोड आधी विकायचा. इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलर बॅटऱ्याही त्याच शेडमध्ये असतील तर त्या आधी तपासा. त्यांच्या प्लेटांत अँटिमनी असतं, त्यामुळे त्या गाडीच्या कॅल्शियम बॅटरीपेक्षा लवकर उतरतात. दुचाकीची ड्राय चार्ज बॅटरी मात्र ॲसिड भरेपर्यंत बरीच शांत राहते. तिची सीलं विक्रीच्या वेळीच उघडायची. एकदा ॲसिड भरलं की तिलाही चिठ्ठी बांधा.

टायर असो की बॅटरी, सगळ्यात स्वस्त इलाज ट्रकच्या फाळक्याजवळ आहे. माल उतरवताना प्रत्येक नगाचा कोड पाहा, आणि ठरवलेल्या मुदतीपेक्षा जुना निघाला तर चलनावर सही करण्याआधी तिथेच तसं लिहा. टायरसाठी सहा महिने ही मुदत मला रास्त वाटते, बॅटरीसाठी तीन. ऑर्डर देतानाही तेवढं कळवून ठेवा. सही झाल्यावर डेपोला फोन करून बदली मागणं फार अवघड जातं.