गिलाव्याआधी वायरीचे पाइप कुठून न्यायचे: वरून की फरशीखालून?

दिवे आणि पंख्यांचे पाइप स्लॅब ओततानाच पडलेले असतात. गिलाव्याआधी प्रश्न उरतो तो प्लग, एसी आणि पलंगाशेजारच्या बोर्डांचा. वायरमन सहसा म्हणतो, "खालून काढू, भिंत कमी फुटेल." त्याचं म्हणणं खोटं नाही, पण जांभ्या चिऱ्याच्या घरात निर्णय तेवढ्यावर घेऊ नये.

एक खोली धरू: १२ बाय १० फूट, उंची १० फूट. ५ फुटी पलंग १२ फुटी भिंतीला लागणार. दोन्ही बाजूंचे बोर्ड पलंगाच्या कडेपासून ९ इंच बाहेर हवेत, म्हणजे एकमेकांपासून साडेसहा फूट. मध्यबिंदू फरशीपासून सव्वादोन फुटांवर. (ही उंची तयार फरशीपासून मोजा. आज दिसणाऱ्या कोब्यापासून मोजली की बोर्ड दोन-अडीच इंच खाली जातो.)

वरून नेल्यास स्लॅबलगत आडवी साडेसहा फूट आणि खाली उतरणाऱ्या पावणेआठ फुटांच्या दोन, अशी एकूण २२ फूट झिरी लागेल. फरशीखालून नेल्यास सव्वादोन फुटांच्या दोन झिऱ्या, म्हणजे फक्त साडेचार फूट. साडेसतरा फुटांची मजुरी वाचते, आणि चिरा फोडणं काही हलकं काम नाही.

मग खालून का नको? चिरा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात जोत्यातून ओल वर चढते आणि फरशीखालचा थर महिनोन्महिने ओला राहतो. पाइप एका बोर्डातून खाली, आडवा आणि पुन्हा वर जातो, त्याचा आकार U होतो. न चिकटवलेल्या सांध्यातून शिरलेलं किंवा आतल्या दमट हवेचं थंड होऊन झालेलं पाणी त्याच्या तळाशी साचतं. त्याला बाहेर जायला वाटच नसते. वायरीचं आवरण कुठे खरवडलेलं असेल तर तिथून करंट गळतो. ओळखायची खूण अशी: करंट गळला की वीज तोडणारा आरसीसीबी श्रावणात पडत राहतो, दिवाळीनंतर आपोआप थांबतो, आणि तपासायला आलेल्याला काहीच सापडत नाही. त्या वायरीवर पावसाळ्यात मेगर, म्हणजे आवरणाचा रोध मोजणारं यंत्र, लावला तर वाचन १ मेगाओमच्या खाली येतं. शिवाय वायर बदलायची वेळ आली की U मधून ती ओढणं कठीण, आणि पाइप नेमका कुठून गेलाय हे फरशी बसवणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

वरून नेलेल्या पाइपात पाणी साचायला खोलगट जागा नसते, वायरही सरळ ओढता येते. त्याची अडचण वेगळी आहे, ती म्हणजे आडवी झिरी. तिची खोली भिंतीच्या जाडीच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त नको. ९ इंची भिंतीत हे दीड इंच येतं. २५ मिमीचा पाइप आणि वर अर्धा इंच मसाला त्यात बसतो. ७ इंची भिंतीत मात्र ती जेमतेम ३० मिमी मिळते. तिथे २० मिमीचा पाइप घ्या, किंवा स्लॅबमध्ये पाइप असेल तर तिथून प्रत्येक बोर्डाला स्वतंत्र उभा पाइप उतरवा. भिंतीच्या दोन्ही अंगांना समोरासमोर झिऱ्या मारू देऊ नका.

झिरीच्या दोन्ही कडा आधी ग्राइंडरने कापून घ्याव्यात, मग मधला भाग छिन्नीने काढावा. नुसती छिन्नी चालवली की चिऱ्याचे ढलपे सुटतात आणि दीड इंचाची झिरी चार इंचाची होते. मसाला भरण्याआधी झिरीवर पाणी मारा; कोरडा चिरा मसाल्यातलं पाणी शोषून घेतो आणि भरलेला भाग पोकळ वाजतो. वरून सहा इंच रुंद जाळी मारली नाही, तर पाइपच्या रेषेत गिलाव्याला तडा दिसतो.

आमचा कौल वरूनच. फरशीखालून फक्त तिथे, जिथे भिंतच नाही, उदाहरणार्थ खोलीच्या मधोमध असलेल्या ओट्याला. तिथेही जाड पाइप घ्या, प्रत्येक सांधा सोल्युशनने चिकटवा आणि पाइप कोब्याच्या वर ठेवा. पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर पावसाचा मारा थेट येतो. तिथला बोर्ड शक्यतो आतल्या आडभिंतीवर सरकवा.

बोर्डाची पेटी पत्र्याची की पीव्हीसीची, यात फार विचार नको. खाऱ्या हवेत पत्र्याच्या पेटीचे आटे गंजतात आणि काही वर्षांनी स्क्रू फिरत नाही, म्हणून पीव्हीसी. पण ती मसाल्याच्या दाबाने आत चेपते आणि मग प्लेट बसत नाही. गिलावा होईपर्यंत आत लाकडाचा तुकडा अडकवून ठेवावा. पेटीची कड गिलाव्याची जाडी ठरवणाऱ्या ठिय्याच्या पातळीत हवी. आत गेली तर लांब स्क्रू शोधत फिरावं लागतं, बाहेर राहिली तर प्लेटमागे फट राहते.

गवंडी यायच्या आदल्या दिवशी प्रत्येक पाइपातून स्टीलची तार आरपार काढून पाहा, तोंडं कागदाच्या बोळ्यांनी बंद करा आणि मोजायची टेप भिंतीला लावून प्रत्येक भिंतीचा फोटो घ्या. तार अडली तर आत्ता फक्त मसाला काढावा लागेल.