स्प्रेडशीटमध्ये रोजच्या ऑर्डरचा वेगळा पडणारा आकडा पकडायला सात दिवसांची सरासरी, अधिक-वजा तीन प्रमाण विचलने, असा पट्टा लावतात; आकडा पट्ट्याबाहेर गेला की इशारा वाजतो. मग आजचा आकडा त्या सरासरीत घ्यायचा की नाही?

B2 ते B8 मध्ये मागच्या सात दिवसांच्या ऑर्डर: 40, 42, 38, 41, 39, 43, 37. आज B9 मध्ये 90.

आजचा दिवस धरून B3:B9 घेतलं, तर 90 स्वतःच पट्टा फुगवतो: वरची मर्यादा जवळपास 104, म्हणजे चोर सुटला. सात आकड्यांत कोणताही एक आकडा सरासरीपासून 2.27 प्रमाण विचलनांपलीकडे जाऊच शकत नाही, त्यामुळे तीनपटीचा पट्टा कधीच वाजणार नाही.

आज वगळून:

```
=AVERAGE(B2:B8)+3*STDEV.S(B2:B8)
```

वरची मर्यादा 46.5, खालची, वजा चिन्हाने, 33.5. नव्वद लगेच पकडला जातो. मी हेच वापरतो. मात्र उद्यापासून सात दिवस तो 90 खिडकीत बसून पट्टा रुंद ठेवतो. कारण कळल्यावर गणनेच्या रकान्यात त्याजागी मध्यक घालावा.