कनेक्शन पाईप: जाळीचा की पीव्हीसी?

ताईच्या दादरच्या फ्लॅटमध्ये बेसिन आणि फ्लश टँक दोन्हीचे पाईप बदलायचेत, ती विचारत होती स्टीलच्या जाळीचा घेऊ की साधा पांढरा पीव्हीसी.

पीव्हीसी स्वस्त आणि गंजत नाही, पण वर्षांनी पिवळा पडून कडक होतो आणि नटजवळ चीर जाते. जाळीचा जास्त प्रेशर झेलतो, कारण आतली नळी बहुतेक वेळा रबराची असली तरी जोर सगळा बाहेरची जाळी धरते. म्हणजे तारा तुटल्या की रबर तिथून फुग्यासारखं बाहेर येतं आणि मग एका रात्रीत घरात तळं.

ताईच्या टँकचा पाईप बघितला तर खालच्या टोकाला तपकिरी ठिपके, टिश्यू फिरवला तर तुटक्या तारांना अडकला. कारण टॉयलेट साफ करायचं अ‍ॅसिड, त्याच्या वाफा आणि शिंतोडे स्टीललाही खातात. बेसिनखालचा त्याच वयाचा पाईप मात्र ठणठणीत होता! तरी ५ ते १० वर्षांत बदलावाच, नटावर हिरवट-पांढरा थर किंवा कुठे फुगवटा दिसला तर लगेच.

खालचा मजला, प्रेशर जास्त, तर ३०४ स्टीलच्या जाळीचाच घ्या. वरचा मजला, गच्चीवरची टाकी जवळ म्हणून प्रेशर कमी, आणि अ‍ॅसिड सोडवत नसेल तर टँकला पीव्हीसी चालेल. नट हातानेच, वर पान्याचा जेमतेम पाव फेरा.