पोकेमॉन कार्डांची यादी: एक पावसाळा वापरून झाल्यावर

आमच्या रत्नागिरीच्या घरात पोकेमॉन कार्डांचे खोके बरेच. फेब्रुवारीपासून त्यांची यादी गूगल शीट्समध्ये ठेवतोय. तयार ॲपही चाळून पाहिले, पण कार्ड कुठल्या खोक्यात आहे हे माझ्या पद्धतीने नोंदवायला शीटच सोयीची वाटली.

खरं काम ओळख ठरवण्यात आहे. चॅरिझार्डचंच बघा. १९९९ च्या बेस सेटमध्ये त्याचा नंबर ४/१०२. बेस सेट २ मध्ये ४/१३०. आणि २०२१ च्या सेलिब्रेशन्समध्ये जुनं कार्ड पुन्हा छापलं तेव्हा नंबरही ४/१०२ च ठेवला. नुसत्या नंबरवर शोधलं तर दोन कार्डं समोर येतात आणि किमतींत जमीन-अस्मानाचा फरक. बेस सेटच्या कार्डावर सेटची खूण नसते, सेलिब्रेशन्सच्या कार्डावर असते. तेवढ्यावरून ती वेगळी होतात. बेस सेटमध्येही फर्स्ट एडिशनचा शिक्का आहे का, चित्राच्या चौकटीला उजवीकडे सावली आहे का, हे पाहावंच लागतं. म्हणून माझ्या ओळखीत तीन भाग: सेट, नंबर, आवृत्ती.

```
=A2&"-"&TEXT(B2,"000")&"-"&C2
```

याने `BS-004-U` असं उत्तर येतं. यू म्हणजे शिक्का नसलेली, सावलीवाली साधी छपाई. तीन आकड्यांमुळे ४ नंबर १५ च्या आधीच लागतो, नाहीतर मजकूर म्हणून लावताना क्रम बिघडतो. एकूण संख्येपेक्षा मोठा नंबर दिसला तर दचकू नका. व्हिव्हिड व्होल्टेजमधला १८८/१८५ पिकाचू सीक्रेट रेअर आहे, टायपिंगची चूक नव्हे.

कार्डं खोक्यातही याच क्रमाने उभी, सेटगणिक एक पुठ्ठ्याचा विभाजक. गणपतीत मुंबईहून आलेल्या पुतण्याने, "काका, तो जुना ब्लास्टॉइज आहे का?" म्हटल्यावर आरती सुरू होण्याआधी त्याच्या हातात दिला!

'अवस्था' या रकान्यात तारीख घालाच. आपल्याकडच्या दमट हवेत मागचा कागद फुगतो, पुढचा चमकीचा थर फुगत नाही, मग होलो कार्ड पुढच्या बाजूला वाकतं. जूनमधली 'उत्तम' नोंद सप्टेंबरात खरी राहीलच असं नाही. डब्यात सिलिका जेल ठेवतो, तरी महागडी कार्डं पावसाळ्यानंतर पुन्हा तपासतो.

विम्यासाठी सगळी यादी लागत नाही. भारत गृह रक्षा पॉलिसीत चित्रं, पुराणवस्तू, दुर्मीळ चीजा अशा मौल्यवान वस्तूंना ठरलेल्या किमतीचं ऐच्छिक संरक्षण घेता येतं. आपली कार्डं त्यात धरली आहेत हे मात्र कंपनीकडून लेखी घ्या. आमच्या एजंटाला आधी ते पत्त्यांचे कॅट वाटले होते. महागड्या कार्डांची वेगळी शीट केली: ओळख, दोन्ही बाजूंचे फोटो, बिल किंवा अलीकडच्या विक्रीची किंमत आणि तिची तारीख. एक प्रत बहिणीकडे पुण्याला, कारण घरात पाणी शिरलं तर लॅपटॉपही त्याच पाण्यात असणार.

कंटाळा आणतात ती रिव्हर्स होलो. नंबर तोच, छपाई वेगळी, त्यामुळे प्रत्येक कार्ड उजेडात तिरकं धरून पाहावं लागतं. स्वस्त कार्डांसाठी ते मी आता करत नाही. सेटनुसार गठ्ठा आणि त्यावर चिठ्ठी, एवढंच.