फोंडा ते म्हार्दोळ आणि परत: रिक्षा थांबवून ठेवावी की सोडावी?

संध्याकाळी म्हार्दोळला मावशीकडे जेवायला जायचंय, सोबत आई आहे, म्हणजे गोव्यातल्या मोटारसायकल टॅक्सीवर पायलटच्या मागे बसून जाणं शक्य नाही. फोंड्याहून रिक्षा केली. आता ती दारात थांबवून ठेवायची, की सोडून देऊन परतताना दुसरी बघायची?

अंतर एका बाजूने सात किलोमीटर धरू. दर मी हिशेबाच्या सोयीसाठी घेतलेत, तुम्ही वाहतूक खात्याच्या चालू अधिसूचनेतले घाला. पहिल्या किलोमीटरचे 30 रुपये, पुढे किलोमीटरला 20, थांबण्याचे मिनिटाला 1 रुपया, आणि रात्री अकरानंतर भाड्यावर 25 टक्के जास्त.

जाताना 30 अधिक सहा गुणिले 20, म्हणजे 150 रुपये. नवाला पोचलो, निघायला अकरा वाजून गेले. तीच रिक्षा थांबवली तर मूळ भाडं पुन्हा लागत नाही. परतीचे सात किलोमीटर 140 रुपये, रात्रीच्या वाढीसह 175. दोन तास थांबण्याचे 120. एकूण 445.

सोडली आणि परतताना दारातच दुसरी मिळाली, तर 150 अधिक रात्रीचे 187.50, म्हणजे 337.50. सोडणंच स्वस्त. थांबवून जे वाचतं ते फक्त मूळ भाडं आणि एका किलोमीटरचा दर यांतला फरक, इथे 10 रुपये, रात्रीच्या वाढीसह साडेबारा. म्हणजे थांबणं साडेबारा मिनिटांच्या पुढे गेलं की फायदा संपला!

पण अकराला म्हार्दोळात रिकामी रिक्षा कुठली? फोन करून फोंड्याहून बोलवावी लागते, आणि तो माणूस रिकाम्या येण्याचेही पैसे मागतो. चौदा किलोमीटरचे 290, वाढीसह 362.50, त्यात जातानाचे 150. झाले 512.50. आता थांबवणं स्वस्त, तेही तीन तासांपर्यंत. त्यापुढे मावशीने गप्पांत अडकवलं तर पारडं पुन्हा फिरतं.

भांडण मात्र वेगळ्याच गोष्टीवरून होतं. थांबलेल्या रिक्षात रात्रीची वाढ फक्त परतीवर, की जाण्यासकट सगळ्या भाड्यावर? सगळ्यावर लावली तर 290 चे 362.50 आणि थांबण्याचे 120, एकूण 482.50. तुम्ही नवाला उतरलात, तर त्या फेरीला रात्रीचा दर लागायचं कारण नाही. पण मीटर चालू नसतो, आणि रकमेचा आकडा शेवटी एकच सांगितला जातो, म्हणून ही चूक दिसत नाही. 445 च्या ठिकाणी 480 च्या आसपास ऐकू आलं, तर बहुधा हेच झालेलं असतं.

म्हणून रिक्षात बसण्यापूर्वी तिन्ही तुकडे वेगळे विचारा: जाण्याचे किती, थांबण्याचे तासाला किती, अकरानंतर परतीचे किती. "सगळे मिळून पाचशे" म्हणाला, तर पाचशेत थांबणं किती वेळ धरलंय तेवढं आधी पक्कं करा. मावशीकडे सोलकढी झाली की दहा मिनिटांत उठणं आमच्या घरात तरी कुणाला जमलेलं नाही.