अकरा तक्रारी, पाऊण मिनिट: कूलर मेकॅनिकला कामं ऐकवायची कशी?

आमचं कूलर दुरुस्तीचं दुकान नागपुरात सक्करदऱ्याला आहे. मार्च ते जून हा आमचा सीझन. सगळ्यात जुन्या मेकॅनिकला दुकानात सगळे काकाजी म्हणतात. त्यांचा हात भारी आहे, पण जवळचं दिसत नाही आणि चष्मा घामानं नाकावरून घसरतो. मे महिन्यात गच्चीवर मोबाइल तापला की तो स्क्रीनचा उजेड आपणच कमी करतो, म्हणजे वाचायची सगळ्यात जास्त गरज असते तेव्हाच स्क्रीन काळी. ॲपमध्ये अकरा तक्रारी बाकी असल्या तर काकाजी वरच्या दोन पाहतात आणि फोन खिशात टाकतात.

म्हणून बाकी कामं फोनवर ऐकवायची ठरलं. आम्ही तीन प्रकार वापरून पाहिले. तुमच्याकडेही असा मेकॅनिक असेल तर निवडताना हे कामी यावं.

पहिला प्रकार फुकटचा, फोनलाच स्क्रीन वाचायला लावायची. अँड्रॉइडमध्ये `TalkBack` आहे, पण ते चालू केलं की सगळ्या फोनचा स्पर्श बदलतो. एकदा टेकवलं तर नुसतं वाचतं, उघडायला दोनदा टेकवावं लागतं. काकाजींनी अर्ध्या तासात ते बंद करून मागितलं. `Select to Speak` त्यापेक्षा सोपं, हवा तेवढाच भाग बोलतं. अडचण वेगळीच आहे. फोन स्क्रीनवर जे लिहिलंय तेच वाचतो. तक्रार क्रमांक, तारीख, स्थिती, ग्राहकाचं नाव, मग पत्ता, आणि पत्ता आमच्या मुलीनं इंग्रजी अक्षरांत टाकलेला, ‘Nr’ आणि ‘Opp’सकट. एका तक्रारीला वीस सेकंद धरा, अकरांना साडेतीन मिनिटांच्या वर. डोळा नको ते गाळून पुढे सरकतो, कानाला ती सोय नाही. चौथी तक्रार येईपर्यंत पहिली डोक्यातून गेलेली असते. एखादा पत्ता परत ऐकण्यापुरतं हे ठीक आहे, रोजच्यासाठी नाही.

दुसरा प्रकार व्हॉट्सॲपचा व्हॉइस मेसेज. सकाळी आठला मीच बोलून पाठवायचो. यात माणसाचा आवाज आहे, ‘त्या पिवळ्या गेटवाल्या बाईंकडे, मागच्या वर्षी मोटर बदलली होती ना’ असं सांगता येतं. असा पत्ता कुठलं मशीन सांगणार? तीन-चार मेकॅनिक असतील तर मी अजूनही हेच सुचवेन, पण एक शिस्त पाळून: एका कामाला एक मेसेज. सुरुवातीला मी सगळं एका दमात तीन मिनिटं बोलायचो. मग बेसा वस्तीतलं काम परत ऐकायला काकाजी ती बारीक पट्टी बोटानं मागे सरकवत बसायचे, आणि बोटाला ग्रीस.

खरा घोटाळा शिळेपणाचा. आठला पाठवलेला मेसेज साडेदहालाही आठचंच बोलतो. एकदा बेसाच्या गिऱ्हाइकानं सव्वादहाला काम रद्द केलं. मी ॲपमध्ये खोडलं आणि मेसेज तसाच राहिला. काकाजी सक्करदऱ्याहून बेसापर्यंत उन्हात गेले, कुलूप पाहून परत आले. मला म्हणाले, “भाऊ, तुमचा आवाज सांगून राहिला होता जा म्हणून, मी गेलो.” यावर काय बोलणार! माइकची खूण निळी झाली म्हणजे मेसेज वाजला, एवढंच कळतं. तो ध्यानात राहिला का, आणि अजून खरा आहे का, हे त्यातून कळत नाही.

तिसरा प्रकार आपोआप येणारा कॉल. मेकॅनिकनं मिस्ड कॉल द्यायचा आणि सिस्टीमनं उलट कॉल करून त्या क्षणी बाकी असलेलं सांगायचं. तो सावलीत थांबल्यावर स्वतः मागतो, म्हणून गाडीवर असताना फोन वाजत नाही, आणि ऐकतो ते ताजं असतं. आम्ही सध्या यावर आहोत, पण हा बसवायला मेहनत लागते.

मेहनत आहे ती काय बोलायचं हे ठरवण्यात. अकराच्या अकरा वाचायच्या नाहीत. आधी एकूण आकडा, मग फक्त तीन कामं, आणि क्रम धोक्याचा. कूलरच्या टाकीला करंट येत असेल तर ती तक्रार कितीही उशिरा आलेली असो, पहिली. पत्र्याची टाकी, ओली फरशी आणि घरात लहान पोरं, हे रांगेत थांबवायचं काम नाही. त्यानंतर रस्त्याच्या ओघानं. आमचा एका दिवसाचा कॉल असा होता:

“काकाजी, अकरा कामं बाकी. एक तातडीचं. पहिलं, मानेवाडा, टाकीला करंट येतो. गिऱ्हाइकाला प्लग काढून ठेवायला सांगितलंय. टेस्टर न्या. दुसरं, मानेवाडाच, पंप पाणी ओढत नाही. तिसरं, बेसा, ताट्या बदलायच्या, तीन नग. पुन्हा ऐकायचं तर एक दाबा. पुढची तीन ऐकायची तर दोन दाबा.”

हे पाऊण मिनिटाच्या आत बसतं. काय न्यायचं ते त्याच कामाला चिकटून यायला हवं. आधी सगळा माल शेवटी एकत्र सांगायचो, तेव्हा कूलरच्या बाजूंना लागणाऱ्या ताट्या हमखास दुकानात राहायच्या. आणि आधी क्रिया, मग आकडा. ‘एक दाबा, पुन्हा ऐकण्यासाठी’ असं म्हटलं तर वाक्य संपेपर्यंत आकडा विसरलेला असतो.

आकड्यांनी आम्हाला फार रडवलं. अशा कॉलच्या लाइनवर साधारण ३,४०० हर्ट्झच्या वरचा आवाज कापला जातो, आणि ‘स’चा सुळसुळाट बराचसा त्याच्याही वर असतो. त्यामुळे सात, साठ आणि आठ एकाच घरचे वाटतात, त्रेपन्न-त्रेसष्टची तर बातच नको. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसऐवजी ‘वीस एक’ आलं तेव्हा आम्हीही हसलो होतो. आता फ्लॅट नंबर सुटासुटा बोलतो, ‘पाच, तीन’. एकोणसाठला ‘पाच, नऊ’. काकाजींनी एकदाही तक्रार केली नाही.

मशीनचा आवाज वापरायचा की रेकॉर्ड केलेला, हा प्रश्न येतोच. वस्त्यांची नावं, शून्य ते नऊ आकडे आणि ठरलेले बिघाड एकाच माणसाच्या आवाजात, एकाच बैठकीत रेकॉर्ड करून जोडावेत. ग्राहकाचं नाव मशीन चुकवतं आणि ते कॉलमध्ये लागतही नाही. उधारीची रक्कम तर बोलूच नये. कॉल स्पीकरवर ऐकला जातो, बाजूला टपरीवर चार लोक उभे असतात.

स्पीकरवरच का, तर बटण दाबायला फोन कानापासून काढावा लागतो, मग स्क्रीन उजळते, मग कीपॅड शोधायचा, तोवर पुढचं वाक्य निघून गेलेलं. प्रश्नानंतर आम्ही आठ सेकंद गप्प राहायला लावलं आणि काहीच न दाबल्यास तेच परत. कॉलची सेवा देणाऱ्या कंपनीशी बोलताना पल्स, म्हणजे पैसे मोजायचा टप्पा, किती सेकंदांचा आहे ते विचारा, कारण या आठ सेकंदांचेही पैसे लागतात.

समजलं की नाही हे तपासायला पहिला आठवडा कॉल संपल्यावर मी स्वतः फोन करून एवढंच विचारायचो, “काकाजी, आधी कुठं?” तिसऱ्या दिवशी ते ‘बेसा’ म्हणाले. कॉल तपासला तर करंटवालं काम मधे अडकलं होतं, कारण मुलीनं ‘शॉक’ लिहिलं होतं आणि धोक्याचं काम ओळखायच्या आमच्या शब्दांच्या यादीत फक्त ‘करंट’ होता. आता दोन्ही शब्द आहेत, शिवाय ‘झटका’ही.